दुसऱ्या ऑर्डरचा कोन दुप्पट नसतो

जालन्यात ग्रेटिंग दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राची काळोखी खोली. तिथे सोडियमचा दिवा जळत असतो आणि स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलावर काचेची चौकोनी पट्टी उभी असते. दुसरे ठिकाण औद्योगिक वसाहतीतले पोलाद कारखाने. भंगार वितळवून सळईसाठी पोलाद ओतणाऱ्या भट्ट्यांच्या प्रयोगशाळेत नमुना तपासणारे जे यंत्र असते, त्याच्या बंद पेटीत ग्रेटिंग बसवलेले असते. पहिले विद्यार्थ्याला दिसते आणि दुसरे सहसा कोणी उघडून पाहत नाही. नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे.

ग्रेटिंगवर रेषा अगदी जवळजवळ आणि सारख्या अंतरावर असतात. दोन शेजारच्या रेषांमधले अंतर d. प्रकाश ग्रेटिंगवर सरळ, म्हणजे लंब दिशेने पडला, तर θ कोनातून निघणाऱ्या शेजारच्या दोन किरणांच्या वाटेत d sin θ एवढा फरक पडतो. हा फरक तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आला की सगळ्या फटींतले तरंग एकमेकांना साथ देतात आणि तिथे ठळक रेषा दिसते:

d sin θ = nλ

n म्हणजे ऑर्डर. समोरासमोर शून्य, मग दोन्ही बाजूंना पहिला, दुसरा वगैरे. समीकरण एका ओळीचे आहे, पण त्याच्याभोवती बरेच गैरसमज साचलेले आहेत. त्यांतले बहुतेक दोनच गोष्टी विसरल्यामुळे होतात. पहिली, समीकरणात कोन नाही, कोनाचा साइन आहे. दुसरी, कोन मोजायचा तो ग्रेटिंगच्या लंबापासून.

गैरसमज: पहिला ऑर्डर २० अंशांवर, तर दुसरा ४० अंशांवर

हा समज येतो कुठून ते आधी पाहू. बारावीत यंगच्या दोन फटींचा प्रयोग शिकवतात. तिथे पडद्यावरच्या पट्ट्या समान अंतरावर असतात आणि ते बरोबरच आहे. फटींमधले अंतर अर्धा मिलिमीटर धरले, तर सोडियमच्या प्रकाशासाठी पहिल्या पट्टीचा कोन एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी भरतो. इतक्या लहान कोनाला साइन आणि कोन यांत फरक करायची गरज पडत नाही. तीच सवय घेऊन विद्यार्थी ग्रेटिंगपाशी येतो आणि दुसरा ऑर्डर दुप्पट कोनावर शोधत बसतो.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ग्रेटिंगवर इंचाला १५,००० रेषा असतात. इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. त्याला १५,००० ने भागले की d येते १६९३.३ नॅनोमीटर. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर.

पहिल्या ऑर्डरसाठी sin θ = ५८९.३ ÷ १६९३.३ = ०.३४८०. कोन येतो २० अंश २२ मिनिटे.

दुसऱ्या ऑर्डरसाठी sin θ दुप्पट, म्हणजे ०.६९६०. कोन मात्र ४४ अंश ६ मिनिटे. पहिल्या कोनाची दुप्पट केली असती तर ४० अंश ४४ मिनिटे आले असते. म्हणजे दुर्बीण तब्बल ३ अंशांहून जास्त पुढे न्यावी लागते. दुर्बिणीतून दिसणारा पट्टा अरुंद असतो, त्यामुळे ४१ अंशांच्या आसपास डोळा लावून बसणाऱ्याला बहुधा काळोखच दिसतो. मग दिव्याला किंवा ग्रेटिंगला दोष दिला जातो. आधी गणित करून कोन काढा आणि मग दुर्बीण फिरवा, रेषा तिथे असते.

इथेच एक बक्षीसही मिळते. सोडियमचा पिवळा प्रकाश म्हणजे खरे तर दोन रेषा आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. पहिल्या ऑर्डरमध्ये त्यांच्यात जेमतेम सव्वा मिनिटाचे अंतर पडते, तर दुसऱ्यात जवळजवळ साडेतीन मिनिटांचे. अंतर दुप्पट न होता त्याहून जास्त वाढते, कारण मोठ्या कोनाकडे जाताना साइनची वाढ मंदावते. साइनमधला तेवढाच फरक भरून काढायला कोनाला जास्त सरकावे लागते. फट अरुंद ठेवली तर दुसऱ्या ऑर्डरमध्ये दोन रेषा स्पष्ट सुट्या दिसतात.

गैरसमज: रेषा जितक्या जास्त, तितके ऑर्डर जास्त

ऐकायला पटते, पण घडते बरोबर उलट. तिसऱ्या ऑर्डरसाठी वरचेच गणित पुढे नेले तर sin θ = १.०४४ येते. साइन एकापेक्षा मोठा असू शकत नाही. कॅल्क्युलेटर इथे चूक दाखवतो आणि अनेकांना वाटते, आपलेच बटण चुकले. बटण बरोबर असते. कॅल्क्युलेटर एवढेच सांगत असतो की हा ऑर्डर अस्तित्वातच नाही. एवढा साइन देणारा कोनच नाही. साइन ९० अंशांनाच एक होतो आणि तिथे ग्रेटिंगच्या पुढची बाजूही संपते.

किती ऑर्डर मिळतील हे आधीच काढता येते. d ला λ ने भागा आणि येणाऱ्या संख्येचा पूर्णांक घ्या. आपल्या उदाहरणात भागाकार २.८७, म्हणून दोनच ऑर्डर. दोन्ही बाजूंचे मिळून चार आणि मधला शून्याचा धरून पाच ठळक रेषा. आता इंचाला २,५०० रेषांचे ग्रेटिंग घ्या. त्याचा d सहापट मोठा, भागाकार १७.२, म्हणजे प्रत्येक बाजूला सतरा ऑर्डर शक्य. पण पहिला ऑर्डर सव्वातीन अंशांच्या थोडा पुढे आणि बाकीचेही दाटीवाटीने. रेषा विरळ असल्या की ऑर्डर पुष्कळ आणि गर्दीत, रेषा दाट असल्या की ऑर्डर थोडे आणि ऐसपैस.

प्रकाशात येणाऱ्या एकूण रेषांची संख्या वेगळेच काम करते. ती वाढली की प्रत्येक ठळक रेषा बारीक आणि रेखीव होते. तिची जागा मात्र बदलत नाही. जागा ठरते फक्त d वरून. म्हणून ग्रेटिंगचा अर्धा भाग कागदाने झाकला तरी कोन तोच राहतो. रेषा थोडी फिकी आणि जाड होते, इतकेच.

एक नेहमीची चूकही इथेच सांगून टाकतो. इंचाचा आकडा सेंटिमीटरचा समजून भागाकार केला, तर d येते ६६७ नॅनोमीटर आणि पहिल्या ऑर्डरचा कोन ६२ अंश. दुर्बिणीत रेषा २० अंशांवर दिसते आहे आणि वहीत ६२ आले आहे, अशी फारकत दिसली की भिंग पुसत बसू नका. आधी ग्रेटिंगवरची चिठ्ठी नीट वाचा.

गैरसमज: ग्रेटिंग म्हणजे प्रिझमचाच प्रकार, जांभळा जास्त वळतो

प्रिझममध्ये जांभळा जास्त वळतो हे खरे, कारण काचेत त्याचा अपवर्तनांक जास्त. ग्रेटिंगमध्ये काचेचा काही संबंध नाही. λ मोठी तर sin θ मोठा, म्हणून लाल सर्वांत जास्त वळतो. दोघांमधला आणखी एक फरक जास्त त्रास देतो. प्रिझम एकच वर्णपट देतो, ग्रेटिंग एकावर एक चढणारे अनेक देते.

पाऱ्याचा दिवा लावून पाहा. त्याच १५,००० रेषांच्या ग्रेटिंगमधून दुसऱ्या ऑर्डरच्या पिवळ्या रेषा ४३ अंशांच्या जवळ मिळतात. आता वर्णपट संपला असे धरून दुर्बीण आणखी पुढे नेली, की ४५ अंश ४८ मिनिटांच्या सुमारास एक जांभळी रेषा दिसते. पिवळ्याच्या पलीकडे जांभळी कशी आली? ती तिसऱ्या ऑर्डरची आहे. या जांभळ्या रेषेच्या ४०४.७ नॅनोमीटरची तिप्पट १२१४ होते आणि पिवळ्याच्या ५७८ ची दुप्पट ११५६. समीकरणाला n आणि λ वेगवेगळे कळत नाहीत, त्याला फक्त त्यांचा गुणाकार दिसतो. गुणाकार मोठा तर कोन मोठा. ही जांभळी रेषा दुसऱ्या ऑर्डरची समजून λ काढली तर ६०७ नॅनोमीटर येते, म्हणजे नारिंगी. डोळ्याला दिसते जांभळे आणि वहीत नारिंगी! अशा वेळी डोळ्यावर विश्वास ठेवावा आणि n तपासावा.

गैरसमज: डावे-उजवे वाचन घेऊन दोनाने भागले की ग्रेटिंग तिरके असले तरी चालते

हा सर्वांत चिवट समज आहे, कारण तो अर्धा खरा आहे. म्हणून इथे थोडे थांबू.

प्रयोगात डावीकडच्या आणि उजवीकडच्या रेषांची वाचने घेतात, त्यांची वजाबाकी करतात आणि ती 2θ धरून निम्मी करतात. समोरच्या वाचनात चूक असली तर ती यात खरोखरच निघून जाते. त्यातून समजूत होते की ग्रेटिंग थोडे तिरके राहिले तर तेही निघून जाईल. पण d sin θ = nλ हे समीकरण फक्त लंब प्रकाशासाठीच आहे. प्रकाश लंबाशी i कोन करून आला, तर sin θ मध्ये sin i ची भर पडते. एका बाजूला ती मिळवायची, दुसऱ्या बाजूला वजा करायची.

ग्रेटिंग ५ अंश तिरके राहिले असे समजू. sin ५° = ०.०८७२. एका बाजूला साइन होतो ०.३४८० + ०.०८७२ = ०.४३५२, म्हणजे लंबापासून २५ अंश ४८ मिनिटे. पण सरळ जाणारा प्रकाशच लंबापासून ५ अंशांवर आहे, म्हणून दुर्बीण प्रत्यक्षात फिरते २० अंश ४८ मिनिटे. दुसऱ्या बाजूला साइन होतो ०.३४८० − ०.०८७२ = ०.२६०८, कोन १५ अंश ७ मिनिटे. त्यात ५ अंश मिळवले की दुर्बीण फिरते २० अंश ७ मिनिटे. दोन बाजूंत ४१ मिनिटांचा फरक पडला!

यांची सरासरी २० अंश साडेसत्तावीस मिनिटे. खरा कोन होता २० अंश २२ मिनिटे. सरासरीने चूक कमी झाली, संपली नाही. साडेपाच मिनिटे जास्तच राहिली. या सरासरीवरून λ काढली तर ५९१.८ नॅनोमीटर येते, म्हणजे अडीच नॅनोमीटर जास्त. व्हर्निअर एक मिनिटाचे, निरीक्षण काळजीपूर्वक घेतलेले, गणित बिनचूक आणि तरीही उत्तर चुकलेले. अशा वेळी विद्यार्थी आपल्या डोळ्यांवर संशय घेतो. डोळ्यांनी काही चुकवलेले नसते.

समज अर्धा खरा का म्हणालो, तेही पाहा. तिरकेपणा एकच अंश असेल तर दोन बाजूंमध्ये ८ मिनिटांचा फरक पडतो, पण सरासरी जवळजवळ शुद्ध येते आणि λ मध्ये चूक राहते फक्त ०.१ नॅनोमीटरची. बाजूंमधला फरक तिरकेपणाच्या प्रमाणात वाढतो, तर सरासरीतली चूक तिरकेपणाच्या वर्गाच्या प्रमाणात. पाचपट तिरके म्हणजे पंचवीसपट चूक. लहान तिरकेपणा सरासरी पोटात घालते, मोठा घालू शकत नाही.

आणि खरी गोम इथे आहे. वहीत फक्त 2θ लिहिले तर हा ४१ मिनिटांचा पुरावा दिसतच नाही. वजाबाकीने तो पुसून टाकलेला असतो. समोरचे वाचन घेऊन डावा आणि उजवा कोन वेगवेगळा लिहिला, तरच ग्रेटिंग तिरके आहे हे कळते.

लंब बसवण्याची रीत जुनी आहे आणि तिला पर्याय नाही. आधी दुर्बीण कॉलिमेटरच्या समोरासमोर आणून फटीची प्रतिमा उभ्या तारेवर घ्यायची आणि वाचन लिहायचे. मग दुर्बीण बरोबर ९० अंश फिरवून घट्ट करायची. ग्रेटिंग टेबलावर ठेवून फक्त टेबल फिरवायचे, ते ग्रेटिंगवरून परावर्तित झालेली फट दुर्बिणीच्या तारेवर येईपर्यंत. आता ग्रेटिंग प्रकाशाशी ४५ अंशांत आहे. टेबल आणखी ४५ अंश फिरवले की प्रकाश लंब पडतो. कुठल्या बाजूला ४५ फिरवायचे याकडे लक्ष असू द्या. चुकीच्या बाजूला फिरवले तर ग्रेटिंग प्रकाशाच्या रेषेतच उभे राहते आणि दुर्बिणीत काहीच नीट दिसत नाही. ही चूक लगेच ओळखू येते, म्हणून ती फार धोक्याची नाही. धोक्याचे ते ‘साधारण सरळ दिसतंय’ म्हणून पुढे ढकललेले ग्रेटिंग.

चकतीवर दोन व्हर्निअर असतात, तेही शोभेला नाहीत. चकतीचे केंद्र आणि फिरण्याचे केंद्र नेमके एक नसेल तर एका व्हर्निअरवर जेवढे जास्त वाचले जाते, तेवढेच समोरच्यावर कमी. दोघांची सरासरी ही चूक काढते. तिरकेपणाशी तिचा संबंध नाही. आणि दुर्बीण ३६० वरून शून्याकडे गेली असेल तर वजाबाकीपूर्वी ३६० मिळवायला विसरू नका.

गैरसमज: कारखान्यातले यंत्र कोन मोजत नाही, थेट टक्केवारी देते

पडद्यावर टक्केवारी येते हे खरे. पण ती येण्याआधी कोनाचेच काम झालेले असते. भट्टीतून घेतलेला पोलादाचा नमुना घासून सपाट करतात आणि आर्गॉन वायूत त्यावर विजेच्या ठिणग्या पाडतात. नमुन्यातली मूलद्रव्ये आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतात. तो प्रकाश एका अंतर्वक्र ग्रेटिंगवर पडतो. असे ग्रेटिंग हेन्री रोलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तयार केले होते. रेषा अंतर्वक्र आरशावरच असल्यामुळे वेगळे भिंग लागत नाही, आणि फट, ग्रेटिंग, रेषांच्या प्रतिमा एकाच वर्तुळावर बसतात. त्या वर्तुळावर ठरलेल्या कोनांवर प्रकाश मोजणारी साधने बसवलेली असतात. कार्बनचा कोन कोणता, फॉस्फरसचा कोणता, हे कारखान्यात यंत्र येण्याआधीच साइनने ठरवलेले असते.

इथे लंब प्रकाशाचे समीकरण चालत नाही. प्रकाश मुद्दामच तिरका पाडतात, म्हणून पूर्ण रूप घ्यावे लागते:

d (sin α + sin β) = nλ

नमुन्यादाखल गणित करू. समजा ग्रेटिंगवर मिलिमीटरला २,४०० रेषा आहेत आणि प्रकाश ३० अंशांनी येतो आहे. d झाले ४१६.७ नॅनोमीटर. कार्बनची रेषा १९३.०९ नॅनोमीटर. भागाकार ०.४६३४, त्यातून sin ३०°, म्हणजे ०.५, वजा केले की उरते −०.०३६६. कोन उणे २.१ अंश, म्हणजे लंबाच्या पलीकडच्या बाजूला. फॉस्फरसची १७८.२८ ची रेषा तशीच काढली तर येते उणे ४.१ अंश. दोघांत दोन अंशांचे अंतर, म्हणजे दोन वेगळ्या साधनांना पुरेशी जागा. हेच गणित लंबाच्या समीकरणाने केले असते तर कार्बनला २७.६ अंश आले असते आणि साधन भलत्याच ठिकाणी बसले असते.

ठळक रेषांची सरमिसळ इथेही सुटत नाही. कार्बनच्या १९३.०९ चा दुसरा ऑर्डर नेमका ३८६.१८ च्या पहिल्या ऑर्डरच्या जागी पडतो. लोखंडाच्या वर्णपटात रेषांची दाटी एवढी असते की अशी गाठ कुठे ना कुठे पडतेच. उपाय साधा आहे. १९३ नॅनोमीटरचा प्रकाश साध्या काचेतून जात नाही, ३८६ चा जातो. त्या जागेसमोर काचेचा पडदा लावला की आगंतुक बाहेर राहतो. हवाही २०० नॅनोमीटरखालचा प्रकाश शोषते, म्हणून ही पेटी हवा काढून निर्वात तरी ठेवतात, नाहीतर आर्गॉनसारख्या वायूने भरतात.

समीकरण कोन सांगते, रेषा किती तेजस्वी असेल ते सांगत नाही. तेज ठरते खाचेच्या आकारावरून, दिव्यावरून आणि नमुन्यात ते मूलद्रव्य किती आहे त्यावरून. टक्केवारी काढतात ती तेजावरून, ज्ञात नमुन्यांशी तुलना करून. कोनाने फक्त कोणते मूलद्रव्य ते कळते. खोली तापली आणि पेटी किंचित प्रसरण पावली, तर रेषा साधनावरून सरकते, तेज घटल्यासारखे वाटते आणि कार्बन कमी दाखवला जातो. म्हणून ही पेटी ठरावीक तापमानाला ठेवतात आणि ठरावीक वेळाने ज्ञात नमुना लावून पाहतात.

कॉलेजच्या खोलीत अशी पेटी नसते. तिथे पुढच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये डाव्या कोनासाठी एक आणि उजव्या कोनासाठी एक असे दोन रकाने आखा. दोघांत पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त फरक आला तर λ काढायला बसू नका, आधी टेबल पुन्हा लंब करा.